पलंगाजवळचे स्विंग आर्म दिवे: एक पावसाळा काढल्यानंतर

फोंडा तालुक्यातल्या आमच्या जुन्या जांभ्या चिऱ्याच्या घराचं वायरिंग गेल्या उन्हाळ्यात नव्यानं केलं. त्याच कामात तिन्ही झोपायच्या खोल्यांत पलंगाजवळ भिंतीवरचे दिवे लावून घेतले. नवा दिवा पहिल्या आठवड्यात कुणालाही आवडतोच, म्हणून अख्खा पावसाळा जाऊ दिला आणि आता लिहायला बसलेय. आमच्या खोलीत दोन सांध्यांचे स्विंग आर्म, म्हणजे वळत्या हाताच्या टोकाला शेड असलेले दिवे आहेत, सासू-सासऱ्यांच्या खोलीत वर-खाली उजेड टाकणारे साधे वॉल लाइट, आणि पाहुण्यांच्या खोलीत हवी तशी वाकणारी लवचिक मानेची छोटी दिवटी.

वाचनासाठी स्विंग आर्मला तोड नाही. पण त्याचं निम्मं श्रेय दिव्याला आणि निम्मं भिंतीत पुरलेला वायरींचा बॉक्स नेमक्या जागी बसला याला. दिवा उद्या बदलता येतो, बॉक्स हलवायचा तर भिंत फोडावी लागते.

आमच्या वायरमनचं म्हणणं ठरलेलं होतं : "वॉल लाइट सगळीकडे साडेसहा फुटांवरच असते, वहिनी." पॅसेजमध्ये किंवा हॉलमध्ये ते बरोबरच आहे, येता-जाता डोकं आपटत नाही आणि बल्बही डोळ्यांवर येत नाही. पलंगावर बसलेल्या माणसाचे डोळे मात्र त्याच्या दोन-अडीच फूट खाली असतात. तिथून येणारा उजेड पुस्तकापर्यंत पोचताना पसरून जातो, कारण अंतर दुप्पट झालं की पानावरचा उजेड चौथाईवर येतो. शिवाय शेजारी झोपलेल्याच्या तोंडावरही तोच उजेड पडतो.

म्हणून आम्ही माप जमिनीवरून न घेता गादीवरून घेतलं. पलंग आणि नवी गादी आधी घरात आणली, रोज टेकते तशी दोन उशा पाठीशी घेऊन मी बसले आणि नवऱ्यानं भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. गादी दबल्यावर तिची उंची २० इंच भरली. तिथून टेकून बसलेल्या माझ्या डोळ्यांपर्यंत २६ इंच, म्हणजे जमिनीपासून ४६. नवरा उंच, त्याचे ४९. शेडची खालची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी, म्हणजे बल्ब दिसत नाही आणि उजेड सरळ मांडीवरच्या पानावर पडतो. दोन्ही बाजू वेगवेगळ्या उंचीवर ठेवल्या असत्या तर भिंत तिरकी दिसली असती, म्हणून शेडची कड ४७ वर धरली. एक-दोन इंचांचा फरक सांध्यात निघतो.

पुढची गोष्ट दुकानात कुणीच सांगत नाही. शेडची कड ४७ वर म्हणजे बॉक्स ४७ वर नव्हे. आम्ही घेतलेल्या दिव्यात हात भिंतीच्या प्लेटच्या मध्यातून निघतो आणि शेड हाताच्या खाली ४ इंच लोंबते. त्यामुळे बॉक्सचा मध्य ५१ इंचांवर आला. शेड हाताच्या वर उभी राहणारं मॉडेल असतं तर तोच बॉक्स ४७ च्याही खाली गेला असता. म्हणजे आधी दिवा निवडायचा, मग वायरीसाठी भिंतीला झिरी मारायची. बहुतेक घरांत उलटं होतं : झिरी मारून, गिलावा होऊन, रंग लागून गेल्यावर दिवे शोधायला निघतात.

आडवं मापही तसंच, पानाकडून भिंतीकडे मोजत आलो. प्लेट पलंगाच्या कडेपासून ५ इंच बाहेर ठेवली. त्याहून आत घेतली असती तर डोक्यामागच्या फळीवर आली असती, आणि फार बाहेर गेली असती तर हात पुरला नसता. शेड यायला हवी बाहेरच्या खांद्याच्या जरा पुढे, म्हणजे पलंगाच्या कडेपासून साधारण ९ इंच आत आणि भिंतीपासून १४ इंच पुढे. ५ आणि ९ मिळून १४ आडवे, १४ पुढे, त्याचा कर्ण जवळजवळ २० इंच. दहा-दहा इंचांचे दोन भाग असलेला हात म्हणूनच घेतला. एकाच सांध्याचा १२ इंचांचा स्वस्त होता, दिसायलाही सुबक, पण तो खांद्यापर्यंत पोचतच नाही. मग माणूस दिव्याकडे सरकत सरकत पलंगाच्या कडेला येतो. दोन सांध्यांचा आणखी एक फायदा रोज जाणवतो : वाचून झालं की हात घडी होऊन भिंतीला चिकटतो, चादर घालताना आडवा येत नाही.

सांधा घेताना एक गोष्ट दुकानातच हातात घेऊन बघा. सांधा गोल गोल फिरतच राहतो की कुठेतरी अडतो? आतून वायर जाते. अडवणारी खीळ नसेल तर एकाच दिशेनं फिरवत राहिल्यावर आतली वायर पिळली जाते आणि कोपऱ्यावर तिचं प्लास्टिक घासून उघडं पडतं. असं होऊ लागलं की हात ठरावीक जागी नेल्यावर दिवा लुकलुकतो. तसं दिसलं तर बल्ब बदलत बसू नका, मेन स्विच बंद करून सांधा उघडून बघा.

आता बॉक्स. आपल्याकडे वायरमन सहसा तीन इंची चौकोनी लोखंडी बॉक्स पुरतो किंवा नुसतं पाइपचं तोंड गिलाव्यातून बाहेर ठेवतो. तीन इंची चौकोनाचा कर्ण सव्वाचार इंच होतो, म्हणजे गोल प्लेट निदान साडेचार इंचांची असेल तरच ती बॉक्स पूर्ण झाकते. हल्लीच्या दिव्यांच्या प्लेट अरुंद, उभ्या पट्टीसारख्या असतात, त्यांच्या दोन्ही बाजूंनी बॉक्स डोकावतो. आम्ही गिलावा करताना प्लेटच्या आकाराचा पुठ्ठा भिंतीवर चिकटवून बघितला होता.

खरी झुंज चिऱ्यांशी झाली. चिरा सच्छिद्र आणि तुलनेनं मऊ, त्यात जुना गिलावा हाताला भुसभुशीत. साध्या वॉल लाइटला ते चालून जातं, कारण त्याचं वजन भिंतीलगत असतं. स्विंग आर्म हा तराजूच्या दांडीसारखा आहे. प्लेटचे वरचे-खालचे स्क्रू ३ इंचांच्या अंतरावर आणि हात २० इंचांचा, म्हणजे टोकाला कुणी दोन किलोचा भार दिला तर वरच्या स्क्रूवर तेरा किलोच्या आसपास ओढ येते. रात्री झोपेत दिवा चाचपडताना दोन किलो सहज पडतात. नुसत्या गिलाव्यात बसलेली स्क्रूची गिट्टी महिन्याभरात ढिली होते, आणि ते आधी दिसतं प्लेटच्या वरच्या कडेला : रंगाला केसासारखी चीर आणि खाली बारीक भुगा.

त्यामुळे आमच्या सुतार मेस्तानं फणसाच्या लाकडाची पाऊण इंच जाड, रुंद पट्टी भिंतीवर बसवली. तिचे स्क्रू लांब, गिलावा ओलांडून चिऱ्यात दोन इंच गेलेले आणि एकमेकांपासून दूर दूर. भोकं हॅमर बंद ठेवून पाडली, नाहीतर चिरा आतून पोखरतो. दिवा त्या लाकडावर बसवला. आजतागायत प्लेट तसूभर हललेली नाही. यात एक काळजी घ्यायलाच हवी : बॉक्सचं तोंड लाकडाच्या पुढच्या पातळीपर्यंत आणायचं. बॉक्स मागे चिऱ्यात आणि वायरींचा जोड मात्र लाकडाच्या भोकात, असं ठेवू नये. जोड सैल होऊन तापला तर त्याच्याभोवती लाकूड नको.

जुलैत एका रात्री घरभर अंधार. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की घराची वीज तोडणारा स्विच, ट्रिप झाला होता, वर केला की परत पडायचा. झोपायच्या खोलीचा एमसीबी बंद करूनही पडतच होता, म्हणून सगळ्यांचा समज झाला की दोष त्या खोलीत नाही. पण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकला असेल तर एमसीबी बंद असूनही, घरात दुसरीकडे काही चालू असलं की आरसीसीबी पडू शकतो. वायरमननं मेन बंद करून त्या सर्किटचा न्यूट्रल बारमधून काढला, तेव्हा आरसीसीबी टिकला. मग नवऱ्याच्या बाजूचा दिवा उघडला तर बॉक्समध्ये चक्क पाणी. माळ्यावर कौल सरकलं होतं आणि वरून खाली उतरणाऱ्या पाइपनं पाणी नळासारखं थेट बॉक्समध्ये आणून सोडलं होतं. माझ्या बाजूचा पाइप खालच्या स्विचबोर्डवरून वर येतो, तो कोरडा ठणठणीत. चिऱ्याच्या कौलारू घरात पाइप खालूनच आणावा असं माझं आता ठाम मत आहे. जिथे वरूनच आणावा लागतो तिथे पाइपचं तोंड बॉक्सपाशी सीलंटनं बंद करावं (मुंग्याही थांबतात), आणि जोड नुसते टेपनं न गुंडाळता कनेक्टरमध्ये घ्यावेत.

त्या रात्री आरसीसीबी पडला तो दिव्याला अर्थची वायर होती म्हणून. दिवा पितळी, हात लावून फिरवायचा. दोनच वायरी ओढल्या असत्या आणि ओल फेजपाशी पोचली असती, तर दिव्याच्या अंगात करंट उतरून तो आपला हात लागेपर्यंत तसाच राहिला असता. वायरमन "वॉल लाइटला दोन वायरी पुरतात" म्हणतात तेव्हा ऐकू नका. धातूच्या स्विंग आर्मला तिसरी लागतेच. प्लेटवर अर्थचा स्क्रू आहे का, तेही घेतानाच बघा.

बाकी खोल्यांचं थोडक्यात. सासू-सासऱ्यांच्या खोलीत जुने पॉइंट साडेसहा फुटांवर तयार होते, तेच वापरले. रात्री उठायला उजेड उत्तम, वाचायला कुचकामी. सासरे पेपर घेऊन अजून खिडकीतच बसतात. पाहुण्यांच्या खोलीत मच्छरदाणी लागते. भिंतीवरचा हात मच्छरदाणीच्या बाहेर राहतो, उजेड पांढऱ्या जाळीवर पसरतो आणि पान अंधुक दिसतं. म्हणून तिथे लवचिक मानेची दिवटी डोक्यामागच्या फळीवरच, मच्छरदाणीच्या आत बसवली. सोय झाली, पण मान हळूहळू खाली झुकते आणि तिच्या लोखंडावरचा मुलामा पावसात गंजाचे ठिपके धरू लागलाय. आमचे पितळी दिवे काळवंडलेत, तेवढंच. चिंचेनं घासले तर चकाकतात; मी घासत नाही.

बल्ब चार वॉटचा, ३००० केल्व्हिनचा पिवळसर घेतला. एकाच पानाला तो भरपूर होतो आणि शेड खोल असल्यामुळे शेजारच्याची झोप मोडत नाही. स्विच शेडच्या मानेवर आहे, भिंतीवरचा वेगळा. भिंतीवरचा चुकून बंद राहिला की दिव्यावरचा दाबून काही होत नाही, म्हणून भिंतीवरच्या स्विचवर रंगाचा ठिपका लावलाय. नवऱ्याच्या बाजूचा वरचा सांधा आता जरा सैल वाटतो. तो आवळायला छोटी ॲलन की लागते, दिव्याच्या खोक्यातच येते, ती टाकून देऊ नका.