डोमेन "फ्री" मिळालं म्हणून घेतलं आणि रिन्यूअलला अडकले

माझा हाताने शिवलेल्या बॅगांचा छोटा धंदा आहे. वेबसाइट करून देणाऱ्याने सांगितलं की पॅकेजमध्ये डोमेन एक वर्ष फ्री, .com वर तुमचं नाव गेलंय पण या नव्या एक्स्टेन्शनवर छान छोटं नाव मिळतंय, प्रीमियम आहे. मला वाटलं प्रीमियम म्हणजे चांगलं नाव, घेऊन टाकलं.

अकरा महिन्यांनी रिन्यूअलचं बिल आलं, साध्या .com च्या जवळपास पंधरापट! मी म्हटलं ठीक आहे, ट्रान्सफर कोड घेते आणि दुसऱ्या कंपनीकडे जाते, तर तिथेही तेवढाच रेट, कारण प्रीमियम नावाचा भाव विकणारी कंपनी नाही, ते एक्स्टेन्शन चालवणारी रजिस्ट्री ठरवते, त्यामुळे डोमेन कुठेही न्या, भाव सोबत येतो. बहुतेक नव्या एक्स्टेन्शनमध्ये साध्या नावांचा रिन्यूअल भाव वाढवायचा तर रजिस्ट्रीला सहा महिने आधी कळवावं लागतं आणि सगळ्यांना एकच भाव लावावा लागतो. प्रीमियमला यातून सूट आहे, पण त्यासाठी घेणाऱ्याने घेतानाच जास्तीचा रिन्यूअल भाव मान्य केलेला असावा लागतो. तो मान्य केला होता त्या माणसाने, माझ्या वतीने, मला एका शब्दाने न सांगता. पहिल्या वर्षाचे पैसेही त्याने पॅकेजमध्येच घातले होते हे नंतर कळलं, म्हणजे फ्री काहीच नव्हतं.

सोडूनही देता येईना. बँक, कुरिअर, सगळीकडचे लॉगिन त्याच डोमेनच्या ईमेलवर, आणि डोमेन सुटलं की ते दुसरा कोणीही घेऊन माझे पासवर्ड रिसेटचे मेल स्वतःकडे मागवू शकतो. हीच भीती सगळ्यात मोठी होती.

मग तोच म्हणाला की एका देशाचं कोड एक्स्टेन्शन स्वस्तात देतो, तुम्ही तिथे राहत नाही पण पत्ता आम्ही लावू. यावेळी मी आधी त्या देशाच्या रजिस्ट्रीच्या साइटवर नियम वाचले. काही देशांची कोडं कोणालाही मिळतात पण कॅनडाचं .ca, अमेरिकेचं .us, युरोपचं .eu यांना त्या देशाशी किंवा युरोपीय संघाशी नातं दाखवावं लागतं, आणि ते नातं तुटलं तर डोमेन जातं. ब्रेक्झिटनंतर 2021 च्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या हजारो लोकांची .eu डोमेन अशीच बंद पडली. दुसऱ्याच्या नावा-पत्त्यावर घेतलेलं डोमेन तर कागदोपत्री त्याचंच, भांडायला आपल्याकडे काय उरतं?

शेवटी नावात एक शब्द वाढवून साधं .com घेतलं, माझ्या स्वतःच्या खात्यातून, माझ्या ईमेलवर, आणि पैसे भरण्याआधी कार्टमध्ये दुसऱ्या वर्षाचा रेट उघडून बघितला. जुनं डोमेन तेवढे पैसे भरून एक वर्ष ठेवलंय, एकेक लॉगिन नव्या ईमेलवर हलवतेय, अजून चार बाकी आहेत.