पूर्णत्वाची तारीख कशावरून द्यावी: झालेल्या कामावरून की क्रिटिकल पाथवरून?

लेंडर्स इंजिनियरला, म्हणजे कर्जदात्याच्या वतीने प्रकल्प तपासणाऱ्या अभियंत्याला, दरमहा जाणाऱ्या अहवालातलं तो आधी उघडतो ते पान अंदाजित पूर्णत्वाचं. ही तारीख काढायच्या दोन रीती आहेत: एक झालेल्या कामाच्या टक्केवारीवरून, दुसरी क्रिटिकल पाथवरून, म्हणजे शेवटची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीवरून. दोन्हींची उत्तरं क्वचितच जुळतात.

समजा 24 महिन्यांचा वीज उपकेंद्राचा प्रकल्प आहे आणि 12 महिने झालेत. ठरलं होतं 52 टक्के काम, झालं 50. झालेल्या कामाला ठरलेल्या कामाने भागलं की एसपीआय येतो 0.96. 24 ला त्याने भागलं की 25 महिने. म्हणजे उशीर फक्त एक महिना.

आता वेळापत्रक अद्ययावत करून पाहा. कारखान्यातून ट्रान्सफॉर्मर 13 आठवडे उशिरा निघणार आहे. त्या साखळीत फ्लोट, म्हणजे शेवटची तारीख न हलता खपणारा उशीर, होता 3 आठवड्यांचा, तो संपला. उरलेले 10 आठवडे थेट शेवटच्या तारखेवर येतात, म्हणजे 26 महिन्यांच्याही पुढे. पहिल्या आकड्यात हे दिसलं नाही, कारण टक्केवारी पैशांच्या वजनावर चालते. केबल आणि भरावाचं काम ठरल्यापेक्षा पुढे गेलं की टक्के वाढतात, ट्रान्सफॉर्मर मात्र कारखान्यातच उभा असतो. शिवाय प्रकल्प संपत आला की एसपीआय आपोआप 1 कडे सरकतो, मग काम कितीही रखडलेलं असो.

म्हणून तारीख क्रिटिकल पाथवरूनच द्या, असं माझं मत. पण तीही डोळे झाकून नको. वेळापत्रकात शेवटच्या कामावर सक्तीची तारीख टाकून ठेवलेली असली, तर काम मागे पडलं तरी ती तारीख हलत नाही, नुसता ऋण फ्लोट साचत जातो. दुसरी खोड म्हणजे उरलेल्या कामांचे कालावधी दर महिन्याला थोडे थोडे कापणं, माणसं न वाढवता. सलग तीन अहवालांत उशीर वाढला पण तारीख तीच राहिली, तर समजा काहीतरी दाबलंय.

इथे टक्केवारी उपयोगी पडते. उरलेलं 50 टक्के काम साधारण 14 महिन्यांत संपवायचं तर महिन्याला साडेतीन टक्के हवेत. मागच्या तीन महिन्यांची सरासरी 3 असेल तर 26 महिनेही आशावादीच. त्यातही मधल्या टप्प्यात वेग सर्वाधिक असायला हवा, म्हणून ही 3 ची सरासरी अधिकच खटकते. हा फरक अहवालात स्वतःच लिहा, नाहीतर तो प्रश्न पुढच्या बैठकीत येणारच.

मुदतवाढीचा दावा मात्र या तारखेत मिसळू नका. दोष कोणाचा, नोटीस कधी दिली, किती दिवस मागितले, हे विलंबाच्या नोंदवहीत. मुदतवाढ मिळाली तर करारातली तारीख पुढे जाते, ट्रान्सफॉर्मर लवकर येत नाही. कर्जदात्याला व्याज कधीपर्यंत चढणार आणि हप्ते कधीपासून सुरू होणार हे कळायला प्रत्यक्षातली तारीख लागते.