शेवपुरीची पापडी: मैदा की कणीक, वाटी की लाटी, आणि तेलाची आच किती?

शेवपुरीसाठी पापडी घरी करायची ठरवली की तीन ठिकाणी निवड करावी लागते: पीठ कोणतं घ्यायचं, लाटायची कशी आणि तेल किती तापवायचं. कढईतून काढलेली पापडी ताजी असताना बहुतेक वेळा कुरकुरीतच लागते. खरा फरक तिसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर कळतो. मधोमध थोडा जरी ओलावा राहिला असेल, तरी तो डब्यात हळूहळू सगळीकडे पसरतो आणि पापडी मऊ पडते. म्हणून इथे प्रत्येक पर्याय मी एकाच गोष्टीवर तोलला आहे: पापडीतलं पाणी पूर्ण निघतं की नाही.

समजा, रविवारी 12-13 जणांना शेवपुरी द्यायची आहे आणि पापड्या गुरुवारीच तळून ठेवायच्या आहेत. माणशी 6 धरल्या तर 80 च्या आसपास लागतील. त्यासाठी 250 ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे बारीक रवा, अर्धा चमचा ओवा, चवीपुरतं मीठ आणि तीन मोठे चमचे गरम तेलाचं मोहन पुरतं.

पिठाबद्दल माझं मत ठाम आहे: चार दिवस टिकवायची असेल तर मैदा आणि थोडा रवा. नुसत्या मैद्याची पापडी हलकी होते, पण शेवपुरीत बटाटा आणि चिंचेची चटणी पडली की लवकर ढिली पडते. रव्यामुळे तिला कडकपणा येतो. नुसत्या कणकेची पापडी चवीला खमंग लागते, पण कोंड्यामुळे पाणी जास्त लागतं आणि ते बाहेर काढायला तळणही जास्त. घाई केली की ती चिवट होते. मैदा कमी हवा असेल तर निम्मी कणीक, निम्मा मैदा घ्या आणि तळायला दोन मिनिटं जास्त द्या.

मोहन मात्र कोणत्याही पिठात चुकवू नये. तेल पिठाला नीट चोळलं की मुठीत दाबून मुटका वळला पाहिजे. न वळला तर मोहन कमी आहे. पापडी दगडासारखी टणक होईल. त्याउलट मोहन फार झालं तर पापडी तेलात विरघळल्यासारखी सुटते आणि ताटात घेतानाच तुटते. पाणी घालायचं तेही बेताने, या मापाला साधारण अर्धी वाटी, आणि तेही थोडं थोडं. पीठ पुरीच्या पिठापेक्षा घट्टच हवं. मग ओल्या कापडाखाली अर्धा तास.

लाटायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे मोठी पोळी लाटून छोट्या वाटीने किंवा झाकणाने गोल कापायचे. दुसरी म्हणजे सुपारीएवढी लाटी घेऊन एकेक पापडी लाटायची. 80 पापड्या करायच्या तर वाटीची पद्धतच बरी, आणि त्यामागे वेळेपेक्षा मोठं कारण आहे: मोठ्या पोळीची जाडी सगळीकडे जवळजवळ एकसारखी येते, त्यामुळे एका घाण्यातल्या सगळ्या पापड्या एकाच वेळी तळून होतात. एकेक लाटलेली पापडी बहुतेकदा मध्ये जाड आणि कडेला पातळ राहते. कड लाल होते आणि मध्य कच्चा. लाटण्यावर हाताची चांगली पकड असेल आणि वीस-पंचवीसच करायच्या असतील, तर लाटीच्या पद्धतीत कातरण उरत नाही, हा तिचा फायदा. वाटीने कापलेलं कातरण पुन्हा मळून लाटता येतं, पण दुसऱ्यांदा मळलेलं पीठ आखडतं. त्याला दहा मिनिटं विसावू द्या.

जाडी दीड ते दोन मिलिमीटर. मुंबईची शेवपुरी हातात उचलून एका घासात खायची, तिला दीड पुरते. दिल्लीच्या पद्धतीची पापडी चाट दह्यात बुडवलेली असते, तिथे दोन हवी.

टोचणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे आणि तोच टाळला जातो. टोचली नाही की तेलात वाफ आत अडकते, पापडी फुगते, आणि दोन पातळ पदर तयार होतात. शेव बटाटा दही पुरीला फुगलेली पुरीच लागते, पण शेवपुरीत तसली पापडी बटाट्याच्या वजनाने आत बसते. मोठी पोळी लाटून झाली की कापण्याआधीच काट्याने सगळीकडे टोचे मारा, टोक पोळपाटाला लागेपर्यंत. वरवरचे टोचे घट्ट पिठात पुन्हा मिटतात. एका पापडीवर सात-आठ टोचे आले म्हणजे पुरे. तळताना एखादी फुगलीच तर झाऱ्याने दाबू नका, काढून बाजूला ठेवा; भेळेत चुरून छान लागते.

आता आच. तेज तेलात पापडी दीड-दोन मिनिटांत सोनेरी होते आणि मोह होतो. पण रंग वरच्या पृष्ठभागाचा असतो. मधलं पाणी तितक्या वेळात निघत नाही. तेल फार थंड असेल तर उलटं होतं: पापडी तेल पिते आणि मोहन सुटून फाटते. मधली वाट म्हणजे साधारण 150 ते 160 अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा कण टाका. तो तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांनी बारीक बुडबुड्यांसह सावकाश वर आला तर तेल तयार आहे. लगेच उसळून वर आला तर आच कमी करून थोडं थांबा.

एका वेळी कढईत मावतील तेवढ्याच टाका, एकमेकींवर चढता कामा नये. आधी आच मध्यम ठेवा, मग थोडी कमी करा आणि झाऱ्याने उलटत राहा. पाच-सहा मिनिटं लागतात. इथे घड्याळापेक्षा बुडबुडे पाहावेत: सुरुवातीला पापडीभोवती भरपूर फेस असतो, तो पाण्याची वाफ असते. बुडबुडे जवळजवळ थांबले की पाणी गेलं. रंग मात्र हवा त्यापेक्षा एक छटा फिका असतानाच काढा, कारण बाहेर काढल्यावरही तो थोडा गडद होतो.

पहिल्या घाण्यातली एक पापडी पूर्ण गार करून मोडा. कट्‌ असा स्वच्छ आवाज आला आणि मोडलेली कड मधोमधही सारखी कोरडी, तांबूस दिसली तर पुढचे घाणे तसेच तळा. मध्ये पांढुरकी, किंचित ओलसर रेघ दिसली तर पुढच्या घाण्याला आच कमी आणि वेळ जास्त.

गार करताना जाळीवर एकाच थरात पसरणं आणि कागदावर ढीग करणं यात मोठा फरक पडतो. ढिगात मधल्या पापड्यांची वाफ कोंडते आणि तीच पुन्हा त्यांच्यावर बसते. जाळी नसेल तर चाळणी उलटी घाला. कमीत कमी एक तास द्या. हाताला गार लागली तरी घाई करू नका. कोमट पापडी डब्यात गेली की झाकणाच्या आत पाण्याचे थेंब जमतात. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. अशा पापड्या दोन आठवडे आरामात टिकतात; पावसाळ्यात मात्र त्या छोट्या डब्यांत विभागून ठेवा, म्हणजे दर वेळी सगळ्यांना दमट हवा लागत नाही.

सादळल्याच तर दोन उपाय आहेत. हवेने मऊ पडल्या असतील तर ओव्हनमध्ये 120 अंशांवर सात-आठ मिनिटं किंवा कोरड्या कढईत मंद आचेवर ठेवा आणि पुन्हा गार करा. पण मध्ये कच्च्याच राहिल्या असतील तर एवढ्याने भागत नाही. त्या मध्यम तेलात पुन्हा दोन मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत तळाव्या लागतात.