काट्यावर बरोबर, फळीत दोन सूत कमी

दाराच्या कामासाठी सागवानाच्या 20 फळ्या हव्या होत्या: 7 फूट लांब, 9 इंच रुंद, दीड इंच जाड. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, गुणून 144 ने भागलं की घनफूट मिळतात. एका फळीचे 0.656, वीस फळ्यांचे 13.1 घनफूट. सुकलेलं सागवान घनमीटरला साधारण 650 किलो भरतं, म्हणजे घनफुटाला 18.4 किलो. माझ्या हिशेबाने माल 240 किलोच्या आसपास यायला हवा होता, आणि तेवढंच मी वखारवाल्याला सांगितलं.

त्याने पट्ट्या मारलेला गठ्ठा काट्यावर घातला. 240! "बघा मिस्त्री, तुमचाच आकडा. आता एकेक फळी काय मोजत बसता?" वरच्या फळ्यांना टेप लावला तर पुरी दीड इंच. बिल 13.1 घनफुटांचं, भाव घनफुटाला 4,000 रुपये.

कारखान्यात गठ्ठा सोडला तेव्हा खेळ कळला. वरच्या आणि कडेच्या सहा फळ्याच पुऱ्या होत्या. आतल्या चौदा सव्वा इंची, म्हणजे दोन सूत कमी. खरा माल 11.6 घनफूट निघाला. दीड घनफुटाचे सहा हजार रुपये हवेत गेले.

मग वजन कसं जुळलं? 11.6 घनफूट सुकं सागवान 213 किलोच भरायला हवं. वरचे 27 किलो पाण्याचे होते. एका फळीच्या मधला तुकडा कापला (टोकाचा घेऊ नका, टोकं आधी सुकतात), तोलला, शंभरच्या वरच्या तापमानाला भट्टीत वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवला. 126 ग्रॅमचा 100 झाला. ओल 26 टक्के. 650 चा आकडा सुमारे 12 टक्के ओलीच्या लाकडाचा असतो.

वखारवाल्याचं उत्तर ठरलेलं, "लाकूड आटलं असेल." अहो, सागवान अगदी हिरव्यापासून पूर्ण सुकेपर्यंत जाडीत फार तर पाच-सहा टक्के आटतं. इथे सोळा टक्क्यांहून जास्त तूट होती, आणि फळ्या तर अजून ओल्याच होत्या. आटून नव्हे, करवतीवरच त्या पातळ निघाल्या होत्या. शेवटी अर्धे पैसे परत दिले, तेही कुरकुरत.

वजनाचा हिशेब मी आजही करतो, टेम्पो ठरवायला तो लागतोच. पण आकडा जुळला तरी आधी गठ्ठ्याच्या पट्ट्या कापायला लावतो, मधल्या फळ्यांची जाडी दोन्ही टोकांना बघतो, आणि ओल मोजायचं मीटर फळीच्या मधोमध टोचतो. पट्ट्या कापायला नकार देणाऱ्याकडून माल उचलत नाही.