बाळ कुशीत की वेगळ्या कॉटमध्ये? नाशिकच्या थंडीतला एक निर्णय

डिसेंबरात जन्मलेल्या बाळाच्या आईला नाशिकमध्ये झोपण्याच्या जागेबद्दलचा पहिला सल्ला थंडीच्या नावाने मिळतो. आमची मुलगी दीड महिन्याची असताना निफाडहून आलेल्या सासूबाईंनी आमच्या पलंगाला लागून ठेवलेली लाकडी कॉट पाहिली आणि म्हणाल्या, "एवढ्या गारठ्यात लेकराला पिंजऱ्यात निजवणार का गं?" निफाडचा पारा हिवाळ्यात कुठवर उतरतो हे ठाऊक असलेल्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न अगदी रास्त होता.

बाळाला वेगळ्या खोलीत निजवण्याचा पर्याय मी लगेच बाजूला ठेवते, कारण निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत असावे, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे आणि आपल्याकडे कोणी त्यावर वादही घालत नाही. वाद उरतो तो एकाच खोलीतला: एकच अंथरूण, की हाताच्या अंतरावर वेगळी जागा.

कुशीत निजवण्याची जमेची बाजू म्हणजे अंगावरचे दूध. आईला उठून बसावे लागत नाही, बाळ पुरते जागे होण्याआधीच दुधाला लागते, आणि रात्रीचे पाजणे जास्त दिवस टिकते. मात्र मऊ गादी, मोठ्यांच्या उशा आणि नाकातोंडावर येऊ शकणारी गोधडी यांमुळे श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाळ चार महिन्यांहून लहान असेल, 37 आठवड्यांपूर्वी किंवा अडीच किलोंपेक्षा कमी वजनाचे जन्मले असेल, घरात आईवडिलांपैकी कोणी धूम्रपान करत असेल (गॅलरीत जाऊन केले तरीही), किंवा कोणी मद्य अथवा झोप आणणारे औषध घेतले असेल, तर हा धोका बराच वाढतो. सर्दीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते, हे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. आमची मुलगी जन्मतः 2.3 किलोंची होती, त्यामुळे आमच्यापुरता निकाल कॉटच्या बाजूने लागला.

परंतु कॉट आणली म्हणजे काम झाले, असे नाही. पट्ट्यांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, गादी कडक आणि सपाट असावी, आणि गादी व कठडा यांच्यामध्ये दोन बोटांहून अधिक जागा राहू नये. नवीन पिंजलेल्या कापसाची फुगीर गादी इथे चालत नाही. आमच्या कॉटमध्ये तर दोन दिवसांत राईची उशी, दोन छोटे लोड आणि आजेसासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी जमली. म्हणजे पलंगावरचा सगळा धोका आम्ही कठड्याच्या आत आणून ठेवला होता. कॉटची दुसरी अडचण पहाटे तीनला कळते. बाळाला उचलून सोफ्यावर पाजायला बसलेल्या आईचा डोळा लागला, तर ते पलंगावर शेजारी निजवण्यापेक्षाही घातक ठरते. म्हणून मी पलंगावरच पाजत असे. त्याआधी माझ्या बाजूच्या उशा आणि पांघरूण हलवलेले असे, आणि मला डुलकी लागलीच तर बाळाला परत कॉटमध्ये पाठीवर निजवण्यासाठी यजमान वीस मिनिटांचा गजर लावत.

नातेवाइकांच्या मतांशी वाद घालण्यापेक्षा त्या मतामागची काळजी वेगळी काढून तिला उत्तर देणे मला सोपे गेले. राईच्या उशीमागची काळजी डोक्याच्या आकाराची होती. त्यासाठी निजवताना बाळाची मान कधी उजवीकडे, कधी डावीकडे वळवावी आणि जागेपणी थोडा वेळ समोर बसून पोटावर ठेवावे. तेल लावून झाल्यानंतरचे ते पोटावर ठेवणे सासूबाईंनी स्वतःकडेच घेतले. सहाव्या आठवड्याच्या लसीला मी त्यांनाच बरोबर नेले आणि डॉक्टरांना प्रश्नही त्यांनाच विचारू दिला. मी आधीपासून सांगत होते तेच डॉक्टरांनी जन्मवजनाचा कागद पाहून दोन वाक्यांत सांगितले आणि ते लगेच पटले, याचा मला किंचित रागही आला.

थंडीचा प्रश्न मात्र खरा होता. आपल्याला जेवढे कपडे पुरतात त्याहून एक थर जास्त, सैल पांघरुणाऐवजी अंगाला बसणारे गरम कपडे, आणि घरात निजताना डोक्यावरची कुंची काढलेली, कारण बाळाची जास्तीची उष्णता डोक्यातून बाहेर पडते. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नये; मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून पाहावे. तिथे घाम असेल, तर कपडे जास्त झाले आहेत.

त्याच आठवड्यात एका रात्री मी दार लावायला गेले असताना सासूबाई कॉटमध्ये वाकून बाळाच्या मानेमागे बोटे फिरवत होत्या. "घामेजलीये गं," त्या म्हणाल्या, "वरचं स्वेटर काढ तिचं."