८ बिट कॅमेऱ्यावर सात महिने लॉग वापरल्यानंतरचा अनुभव

सात महिन्यांपूर्वी सेकंडहँड मिररलेस घेतला, आत 8 बिटच रेकॉर्ड होतं पण मेनूत S-Log3 आहे, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही जपण्यासाठी मुद्दाम फिकं चित्र रेकॉर्ड करणारं लॉग प्रोफाइल, आणि पहिल्या दिवसापासून मी सगळं लॉगमध्येच शूट करायला लागलो. लट म्हणजे LUT, त्या फिक्या चित्राचे रंग बदलणारी तयार फाइल, ती टाकली की फुटेजला एकदम सिनेमाचा रंग येतो असं डोक्यात बसलेलं. आता नवीन घेणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण माझं मत बरंच बदललंय.

मत बदललं ते मामेबहिणीच्या हळदीत, दादरच्या एका हॉलमध्ये. संध्याकाळची वेळ, वर ट्यूबलाइट, किट लेन्स, ISO ३२०० च्या खाली जाताच येईना. स्क्रीनवर लॉगचं चित्र धुरकट आणि उजळ दिसतं त्यामुळे एक्स्पोजर बरोबर आहे असंच वाटत राहिलं, प्रत्यक्षात दीड स्टॉप कमी होतं, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. घरी येऊन लट टाकली तर केस आणि काळ्या कोटांमध्ये नुसते रंगीत दाणे वळवळतायत आणि मागच्या क्रीम भिंतीवर पट्टे पट्टे.

असं का झालं हे समजायला मला बराच वेळ लागला म्हणून जरा सविस्तर सांगतो. 8 बिट म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. S-Log3 मध्ये काळा साधारण २४ व्या पायरीवर बसतो आणि पांढरा कागद १५० च्या आसपास, वरची जागा सूर्य, दिवे, चमकणारं आकाश यांच्यासाठी राखून ठेवलेली. हॉलमध्ये असं काही झगमगीत नव्हतंच, म्हणजे वरची जागा रिकामी आणि अख्खी हळद साधारण १२६ पायऱ्यांत कोंबलेली. त्यात एक स्टॉप म्हणजे साधारण १९ पायऱ्या, दीड स्टॉप कमी पडल्यावर शंभरसुद्धा उरल्या नाहीत, आणि लट तेवढ्याच ताणून पूर्ण पडद्यावर पसरवते. पायऱ्यांमधलं अंतर वाढलं की तेच भिंतीवर पट्टे म्हणून दिसतं. साध्या प्रोफाइलमध्ये त्याच कागदापर्यंत दोनशेच्या वर पायऱ्या मिळाल्या असत्या. 10 बिटमध्ये १०२४ पायऱ्या असतात म्हणून तिथे पट्ट्यांचा त्रास खूप कमी, पण कमी उजेडातले दाणे तिथेही येतातच.

आता लॉग जिथे खरंच कामाला आला ते. लालबागला आजीच्या चाळीत, दुपारी बाराला, आजी दारात बसून तांदूळ निवडतेय, मागे गॅलरीत कडक ऊन. साध्या प्रोफाइलमध्ये आजीचा चेहरा नीट घेतला की गॅलरी पांढरीफट. लॉगमध्ये दोन्ही आलं, समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसतात! इथे मी मुद्दाम १.७ स्टॉप जास्त घेतला, म्हणजे आजीच्या शेजारी धरलेला पांढरा कागद लॉगमध्ये एरवी येतो त्या ६१ टक्के उजेडाऐवजी साधारण ७५ ला, ठरावीक उजेडावर स्क्रीनवर रेघा दाखवणारा झेब्रा लावून बघितलं. सावली स्वच्छ राहते, वरची थोडी जागा मात्र खर्च होते.

पण मग लट थेट टाकली तर सगळं फटफटीत दिसतं आणि बरेच जण इथे चुकतात (मीही महिनाभर). लटच्या नंतर उजेड कमी करून उपयोग नाही, कारण लटने गॅलरीतलं ऊन आधीच वर पांढऱ्यात चेपलेलं असतं, ते खाली ओढलं की नुसता राखाडी ठिगळ मिळतो. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लटच्या आधी एक नोड, म्हणजे रंगकामाची एक पायरी, घ्यायचा, त्यात ऑफसेटने तो १.७ स्टॉप खाली आणायचा, आणि मग पुढच्या नोडवर लट. दुसरं म्हणजे लट कुठल्या इनपुटसाठी बनवलीय ते बघा. माझी S-Log3 / S-Gamut3.Cine वरून Rec.709, म्हणजे टीव्ही-मॉनिटरचे नेहमीचे रंग, करणारी आहे, कॅमेऱ्यातही कलर मोड तोच ठेवावा लागतो नाहीतर त्वचा विचित्र दिसते. युट्यूबवर मिळणाऱ्या फुकटच्या 'सिनेमॅटिक' लटपैकी बऱ्याच Rec.709 वर टाकायच्या असतात, त्या थेट लॉगवर टाकून लोक म्हणतात लॉग खराब आहे.

अजून एक खर्च कोणी सांगत नाही. माझ्या कॅमेऱ्यात लॉग लावला की ISO ८०० च्या खाली जात नाही. मुंबईच्या दुपारच्या उन्हात 25 फ्रेम, शटर १/५० (घरातल्या दिव्यांचं फ्लिकर टाळायलाही हेच बरं पडतं) आणि f/5.6 ठेवलं तर साधारण सात स्टॉप उजेड कापावा लागतो. म्हणजे एनडी फिल्टर हवाच, आणि तो स्वस्तातला घेतला की रंगाची छटा मारतो, जी लटनंतर आणखी उठून दिसते.

त्यामुळे नवीन असाल आणि कॅमेरा 8 बिट असेल तर घरातला कार्यक्रम, हॉल, रात्रीचा रस्ता, ढगाळ पावसाळी दिवस, उद्याच फाइल द्यायचीय असं काम, इथे लॉग लावू नका, साधं प्रोफाइल घ्या, कॉन्ट्रास्ट थोडा कमी करा आणि व्हाइट बॅलन्स हाताने सेट करा. या गणपतीत घरची आरती मी तशीच घेणार आहे, आणि लॉग फक्त विसर्जनाच्या दुपारी, जेव्हा मूर्ती मांडवाच्या सावलीत असते आणि रस्ता उन्हात.