‘हब गेला’ म्हणून सहा हजार आठशे घेतले, बदलला एकच स्टड

पुणे-बेंगळुरू महामार्गावर साताऱ्याच्या पुढे संध्याकाळी आमच्या गाडीचं पुढचं डावं चाक बसलं. गाडी जुनी मारुती हॅचबॅक, चाकाला चार नट. मागे आई बसली होती आणि रात्रीपर्यंत कोल्हापूर गाठायचं होतं. स्टेपनीतही हवा कमी होती, म्हणून हळूहळू चालवत जवळच्या टायरच्या दुकानात गेलो. पंक्चर ट्यूबलेस होतं, दहा मिनिटांचं काम. त्यातून सहा हजार आठशे रुपयांचं बिल कसं उभं राहिलं ते सविस्तर लिहितो, कारण याच पद्धतीने आणखी लोक फसत असणार.

मुलाने पंक्चर काढलं, चाक चढवलं आणि नट एअर गनच्या सॉकेटमध्येच धरून थेट गन चालवली. तीन नट सरळ आत गेले. चौथ्याचा आवाज निराळा आला. सुरुवातीपासूनच कुरकुर, मग करकर, आणि नट रिमला टेकायच्या आधीच अडकला. त्याने गन उलटी फिरवली, पुन्हा पुढे दाबली, पुन्हा उलटी. ‘थांब, हाताने बघ’ असं मी म्हणेपर्यंत कट्‌ आवाज झाला आणि नट ज्यावर चढतो तो स्टड नटासकट तुटला.

आतून मालक आले. वाकून पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, “साहेब, हबचे आटे गेलेत. हब बदलावा लागेल, त्याच्यासोबत बेअरिंग पण. तीन नटांवर हायवेला जाऊ नका, घरचे आहेत सोबत.” गाडी आत घेतली आणि आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. आतून जोरजोरात हातोड्याचे आवाज येत होते. अर्ध्या-पाऊण तासात गाडी तयार. बिलावर हब, बेअरिंग, स्टड, नट आणि मजुरी. जुना हब मागितला तर ‘भंगारात गेला’ म्हणाले.

‘हबचे आटे गेलेत’ या एका वाक्यातच खोटेपणा होता. आमच्यासारख्या गाडीत हबला चाकाचे आटे नसतातच. हब म्हणजे चाक ज्यावर बसतं ती फिरणारी पोलादी थाळी. तिच्या भोकांत मागच्या बाजूने चार स्टड दाबून बसवलेले असतात. स्टडच्या मुळाशी उभे दाते असतात, ते भोकात घट्ट रुतल्यामुळे स्टड फिरत नाही. आटे असतात ते स्टडवर आणि नटात. आटे गेले म्हणजे स्टड गेला, नट गेला; हब नाही. स्टड साधारण दोनशेच्या आत मिळतो, आणि हब न बदलता तो एकटाच बदलता येतो.

कोल्हापूरहून परतल्यावर काही दिवसांत पुढून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. वेग वाढला की आवाज वाढायचा. उजवीकडे वळण घेतलं की जास्त, डावीकडे घेतलं की कमी. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, म्हणजे डावं बेअरिंग बोलत होतं. ‘नवं’ बेअरिंग इतक्यात का बोलेल, म्हणून आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी आधी फक्त चाकाची मधली टोपी काढली आणि टॉर्च मारला. तिथे ॲक्सलच्या टोकावर एक मोठा नट असतो. तो आवळल्यावर त्याची कड ठोकून ॲक्सलच्या खाचेत दाबतात, म्हणजे तो आपोआप सुटत नाही. हब काढायचा तर हा नट काढल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि काढला की ती कड उलगडते. बसवताना नवा नट टाकायचा असतो. आमच्या गाडीत ती कड जुन्या गंजासकट जशीच्या तशी बसलेली होती. “दादा, हा नट कुणी उघडलेलाच नाही. हब बदलणार कसा?” मिस्त्री म्हणाले.

चाक उतरवल्यावर उरलेलं दिसलं. चार स्टडपैकी तीन काळपट आणि एकच चकचकीत. नवा हब आला असता तर चारही नवे असते. शिवाय आमच्या गाडीत पुढचं बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे हबला मागून धरून ठेवणाऱ्या जाड भागात, प्रेसने दाबून बसवलेलं असतं. ते बदलायचं तर नकल सोडवावा लागतो, हायड्रॉलिक प्रेसखाली घालावा लागतो. त्या दुकानात प्रेस नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि नव्या स्टडभोवती हबच्या तोंडावर हातोड्याचे ताजे वार होते. तुटलेला स्टड त्यांनी मोठ्या हातोड्याने ठोकून काढला होता, आणि प्रत्येक ठोका हबमधून बेअरिंगच्या गोळ्यांवर गेला होता. गोळ्या ज्या पट्टीवर धावतात तिच्यावर त्या ठोक्यांनी खड्डे पडतात आणि मग तो घुमणारा आवाज सुरू होतो. बेअरिंग बदलल्याचे पैसे घेतले आणि चांगलं बेअरिंग खराब करून दिलं.

नट अडकला का होता, तेही कळलं. पंक्चरच्या वेळी काढलेला चौथा नट नंतर गाडीत फेकल्यासारखा ठेवलेला मला आढळला होता आणि तो आमचाच मूळ नट होता. म्हणजे चाकावर चढवलेला दुसराच कुठला तरी होता, त्यांच्या डब्यातला. मारुतीच्या स्टडचा व्यास १२ मिलिमीटर आणि आट्यांतलं अंतर १.२५. होंडाचा नटही १२ चाच, डोकंही तेच १९ चं, त्यामुळे पाना एकच लागतो. पण आट्यांतलं अंतर १.५. असा नट हाताने लावला तर एक-दोन फेऱ्यांतच अडतो आणि चूक लगेच कळते. गनला ते कळत नाही, ती आटे कापत पुढे जाते. होंडाच्या मूळ नटाची रिमवर बसणारी बाजू गोलसर असते, मारुतीची सरळ उतरती. शेजारी धरले तर फरक दिसतो. आमच्या बाबतीत नट होंडाचाच होता असा दावा मी करत नाही, कारण तुटलेला तुकडा त्यांनी दिला नाही. पण चुकीच्या नटाने असंच घडतं. नट योग्य असूनही तिरका लागला तरी परिणाम हाच.

मिस्त्रींनी त्या दिवशी अडकलेल्या नटाबद्दल जे समजावलं ते खरं कामाचं आहे. नट दोन तऱ्हांनी अडकतो आणि दोन्हींचा इलाज वेगळा. गंजाने किंवा जास्त आवळल्याने अडकलेला नट सुरुवातीला हलत नाही, पण एकदा ‘टक्‌’ करून सुटला की पुढे सैल होत जातो. त्याला गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबायचं आणि लांब दांड्याचा पाना सलग जोराने ओढायचा, चाक जमिनीवर टेकलेलं असताना. तिरका चढलेला नट उलट वागतो. तो सुटल्यासारखा वाटतो आणि प्रत्येक फेरीला जड होत जातो, हाताला गरम लागतो, बाहेर धातूचा चुरा दिसतो. तिथे गन खाली ठेवायची. तेल टाकून पाव फेरी मागे, थोडी पुढे, पुन्हा पाव फेरी मागे, असं करत हळूहळू काढायचा. निघाला तर नट फेकायचा आणि स्टडवर आटे साफ करणारी १२ × १.२५ ची डाय फिरवून ते तपासायचे. आट्यांचे माथे कापले गेले असतील तर डाय फिरवूनही ताकद परत येत नाही, स्टड बदलायचाच. निघत नसेल तर लांब पान्याने मुद्दाम स्टड तोडलेला बरा. त्यात दोनशेचं नुकसान होतं, हबला काही होत नाही.

हब खरोखर जातो तो एका वेगळ्या चुकीने. नट फिरतोय पण बाहेर येत नाही, आणि त्याच्यासोबत स्टडही फिरतोय असं दिसलं की तिथल्या तिथे थांबा. स्टडचे दाते सुटलेले असतात आणि प्रत्येक फेरीला हबचं भोक घासून मोठं होत असतं. मग नवा स्टडही तिथे धरत नाही आणि हब बदलणं खरंच भाग पडतं. अशा वेळी नट ड्रिलने कमकुवत करून छन्नीने फोडतात, रिमला धक्का न लावता. गॅसची ज्योत मात्र कुणाला लावू देऊ नका. हवा भरलेल्या टायरजवळ ती आग जीवघेणी ठरू शकते, आणि बेअरिंगचं ग्रीसही जळतं.

स्टड बदलण्याची योग्य रीत मिस्त्रींनी माझ्यासमोरच दाखवली, कारण त्या दुकानाने बसवलेला स्टड पूर्ण बसलाच नव्हता. त्याचं डोकं मागून हबला टेकलं नव्हतं, मध्ये फट होती. असा स्टड चालत्या गाडीत आत सरकतो आणि नट आपोआप सैल पडतो. ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने टांगला, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू दिला नाही. डिस्क काढली. हब फिरवून स्टडचं डोकं मागच्या मोकळ्या खाचेसमोर आणलं आणि स्टड हातोड्याने नाही, स्क्रूच्या दाबयंत्राने ढकलून काढला. नवा स्टड मागून घालून दाते जुन्या खाचांत जुळवले. पुढून ग्रीस लावलेले जाड वॉशर आणि जुना नट उलटा, सपाट बाजू आत करून लावला, आणि हाताच्या पान्याने हळूहळू आवळून स्टड आत ओढला. डोकं मागे पूर्ण टेकल्याचं मला आरशात दाखवलं, तेव्हाच वॉशर काढले. काही गाड्यांत मागे इतकी जागा नसते, तिथे स्टडसाठीही हब काढावा लागतो. तेव्हा गॅरेजवाल्याला ती जागा दाखवायला सांगा. आणि फोक्सवॅगन, स्कोडासारख्या गाड्यांत नटाऐवजी बोल्ट असतो, आटे थेट हबमध्येच असतात. तिथे ‘हबचे आटे गेले’ हे खरं असू शकतं.

चाक चढवताना चारही नट बोटांनी पाच-सहा फेऱ्या आत गेले पाहिजेत. नंतर समोरासमोरचे नट आळीपाळीने आणि शेवटी टॉर्क पान्याने. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत ८५ न्यूटन मीटर दिलं आहे. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या पुस्तिकेत बघा. आट्यांना तेल-ग्रीस नको, कारण तो आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो आणि तेलावर नट प्रमाणाबाहेर आवळला जातो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचं.

ॲक्सलच्या न उघडलेल्या नटाचे, तीन जुन्या आणि एका नव्या स्टडचे, हातोड्याच्या खुणांचे फोटो काढले. मिस्त्रींकडून लेखी घेतलं की हब आणि बेअरिंग मूळचेच आहेत. हे सगळं बिलाच्या प्रतीसह दुकानाला पाठवलं आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. आठवड्याभरात मालकांचा फोन आला आणि हब-बेअरिंगचे पैसे परत आले. खराब झालेल्या बेअरिंगचा आणि ते बदलण्याच्या मजुरीचा खर्च द्यायला ते अजून तयार नाहीत. तेवढ्यासाठी तक्रार चालू ठेवली आहे.